घरातील पाण्याची लाइन बंद करण्यासाठी गेट व्हॉल्व्ह, बॉल व्हॉल्व्ह की अँगल कॉक? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गृहनिर्माण संस्थेतील पाण्याच्या व्यवस्थेचे काम मी अनेक वर्षे पाहत आहे. या काळात सभासदांनी, शेजारच्या इमारतींतील लोकांनी आणि नवे घर बांधणाऱ्या परिचितांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. गच्चीवरील टाकीतून उताराने येणारे पाणी, म्हणजे आपल्याकडील बहुतेक घरांतील व्यवस्था, येथे गृहीत धरली आहे. प्रेशर पंप असलेल्या घरांविषयी प्रश्न १० मध्ये वेगळे लिहिले आहे.

१. पाणी बंद करणे एवढेच काम असताना तीन वेगळे प्रकार का आहेत? त्यांच्यात मूळ फरक काय?

गेट व्हॉल्व्हमध्ये पाचरीच्या आकाराची एक चकती असते. चाक फिरवले की स्पिंडलच्या आट्यांवर ती वर किंवा खाली सरकते आणि तळाच्या खाचेत घट्ट बसली की पाणी थांबते. त्यासाठी चाकाला अनेक फेरे द्यावे लागतात, म्हणून तो सावकाश बंद होतो. बॉल व्हॉल्व्हमध्ये आरपार भोक असलेला एक गुळगुळीत गोळा टेफ्लॉनच्या दोन कड्यांमध्ये धरलेला असतो. दांडी पाव फेरा फिरवली की भोक आडवे होते आणि पाणी बंद होते. दांडी पाइपच्या रेषेत असेल तर लाइन चालू आणि आडवी असेल तर बंद, हे लांबूनही दिसते. अँगल कॉक हा भिंतीतून बाहेर आलेल्या १५ मिमीच्या, म्हणजे अर्धा इंची, तोंडावर बसतो, पाण्याला काटकोनात वळवतो आणि पुढे वेणीच्या लवचीक कनेक्शन पाइपला देतो. म्हणजे पहिले दोन लाइनच्या मध्ये बसतात आणि तिसरा लाइनच्या शेवटी. त्यामुळे अँगल कॉकची तुलना इतर दोघांशी करताना किमतीपेक्षा जागा पाहावी.

२. मग माझ्या घरात कोणता कुठे बसवू?

घराची एकूण लाइन, स्वयंपाकघराची फांदी, न्हाणीघराची फांदी, म्हणजे जिथे लाइन मध्येच तोडायची आहे अशा प्रत्येक ठिकाणी बॉल व्हॉल्व्ह बसवावा. वॉश बेसिन, फ्लश टाकी, गीझर, वॉशिंग मशीन, पाणी शुद्ध करणारे यंत्र अशा प्रत्येक उपकरणापाशी अँगल कॉक असावा. गेट व्हॉल्व्ह आज मला फक्त दोनच ठिकाणी योग्य वाटतो: पंपापासून टाकीकडे जाणाऱ्या मोठ्या लाइनवर, जिथे पाणी सावकाश थांबवणे हिताचे असते, आणि जिथे तो आधीच आहे व नीट बंद होतो तिथे. चांगला चालणारा जुना गनमेटलचा गेट व्हॉल्व्ह केवळ जुना झाला म्हणून काढू नये.

रस्त्यावरील मुख्य वाहिनीपासून मीटरपर्यंतच्या भागातील चावीला स्थानिक पाणीपुरवठा विभागाच्या परवानगीशिवाय हात लावू नये. आपली निवड मीटरनंतर सुरू होते.

३. गच्चीवरचा गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला तरी नळाला पाणी येतच राहते. तो खराब झाला आहे का?

सर्वप्रथम लाइनमध्ये उरलेले पाणी संपू द्यावे. उतरत्या लाइनमध्ये बरेच पाणी साठलेले असते आणि ते खालच्या मजल्यावरील नळांतून काही मिनिटे येत राहते. सर्वांत खालचा नळ उघडा ठेवून दहा मिनिटांनंतरही धार थांबली नाही, तर व्हॉल्व्हकडे वळावे आणि चाक काय सांगते ते हातानेच ओळखावे.

चाक फिरता फिरता शेवटी घट्ट अडले, तरीही पाणी झिरपत असेल, तर चकती खाचेच्या तळापर्यंत पोहोचलेली नाही. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातील क्षार आणि टाकीतील गाळ त्या खाचेत साचून दगडासारखे होतात आणि चकती त्या थरावर टेकते. अशा वेळी व्हॉल्व्ह थोडा उघडून पुन्हा बंद करावा आणि असे चार-पाच वेळा करावे. अरुंद फटीतून जोराने जाणारे पाणी सैल गाळ धुऊन नेते आणि पुष्कळदा एवढ्याने काम होते. मात्र पाना लावून चाक आवळू नये. क्षाराचा थर त्याने फुटत नाही, पण स्पिंडल मुरगळतो.

चाक कुठेच न अडता फिरतच राहिले आणि पाण्यात काहीही फरक पडला नाही, तर चकती स्पिंडलपासून सुटली आहे किंवा आटे झिजले आहेत. याला उपाय बदलण्याचाच. सुटलेली चकती खाली पडून राहिली तर उलट तक्रार येते, म्हणजे चाक पूर्ण उघडूनही सगळ्या मजल्यांना पाणी बारीक येते. लोक पाइप चोंदला असे समजून लाइन खोलतात, आणि दोष गच्चीवरच्या व्हॉल्व्हमध्ये असतो.

पाणी नळातून न येता चाकाखालच्या स्पिंडलभोवती पाझरत असेल, तर तो दोष वेगळा आणि किरकोळ आहे. तिथला ग्लँड नट पाव फेरा आवळून पाहावा. थांबले नाही तर आतील पॅकिंग बदलावे, त्यासाठी व्हॉल्व्ह बदलण्याची गरज नसते.

४. तो बदलताना पुन्हा गेट व्हॉल्व्हच घ्यावा की बॉल व्हॉल्व्ह? प्लंबर म्हणतात, "टाकीला गेटच लागतो."

आमच्याच इमारतीत घडलेला प्रसंग सांगतो, कारण त्यात या प्रश्नाचे सगळे धागे येतात. तळमजला अधिक तीन मजले, गच्चीवर टाकी, न्हाणीघरांची उतरती लाइन ३२ मिमीची, गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची. एका रात्री दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटला. त्याचा अँगल कॉक फिरवला तर मूठ नुसतीच गरगर फिरू लागली. घराला स्वतःचा व्हॉल्व्ह नव्हता, म्हणून आम्ही गच्चीवर धावलो. गेट व्हॉल्व्हचे चाक शेवटपर्यंत आवळले, तरी त्या पाइपमधून करंगळीएवढी धार चालूच राहिली. एक लिटरचे भांडे चाळीस सेकंदांत भरत होते, म्हणजे तासाला सुमारे नव्वद लिटर. त्या घरातील लोकांनी पहाटेपर्यंत बादल्या बदलल्या.

सकाळी टाकी रिकामी करून तो व्हॉल्व्ह उतरवला. तळाच्या खाचेत नखाच्या जाडीचा पांढरा, कठीण थर होता आणि त्यावर चकतीच्या कडेचा चकचकीत ओरखडा उमटलेला होता. याचा अर्थ कित्येक वर्षे प्रत्येक वेळी चकती तिथेच टेकत होती, आणि गळतीची वेळ न आल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नव्हते.

त्या जागी आम्ही पितळी फुल बोअर, म्हणजे पाइपएवढेच भोक असलेला, बॉल व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे खोलता येणारे जोड, देऊन बसवला. टाकीला गेटच लागतो हे मत जुन्या काळात खरे होते, कारण तेव्हा मोठ्या मापाचे खात्रीशीर बॉल व्हॉल्व्ह सहज मिळत नसत. आज दोन इंचांपर्यंतच्या घरगुती लाइनला ते लागू नाही. गोळ्याला तळाची खाच नसल्यामुळे गाळ साचण्याची ती जागाच राहत नाही, आणि प्रत्येक वेळी फिरताना गोळा टेफ्लॉनच्या कड्यांवर घासून काही प्रमाणात स्वतःला साफ करतो. युनियनचा आग्रह मात्र मी कधीच सोडणार नाही. युनियन नसेल तर पुढच्या वेळी व्हॉल्व्ह काढण्यासाठी पाइपच कापावा लागतो.

त्याच दिवशी प्रत्येक घराच्या फांदीवर २० मिमीचा बॉल व्हॉल्व्हही बसवला. त्याचे कारण पुढच्या प्रश्नात आहे.

५. प्रत्येक बेसिनखाली अँगल कॉक असताना घराच्या लाइनला वेगळा व्हॉल्व्ह कशाला?

अँगल कॉक हा फक्त त्याच्या पुढच्या कनेक्शन पाइपचे आणि उपकरणाचे पाणी तोडतो. भिंतीतला पाइप गळू लागला, शॉवरचा मिक्सर बदलायचा झाला किंवा खुद्द अँगल कॉकच निकामी झाला, तर त्याच्या मागे पाणी तोडणारे काहीतरी हवेच. ते घरात नसेल तर सगळ्या मजल्यांचे पाणी बंद करावे लागते.

हा व्हॉल्व्ह हात पोहोचेल अशा उंचीवर, दांडी पूर्ण फिरण्याएवढी मोकळी जागा सोडून बसवावा. फॉल्स सीलिंगच्या वर तो झाकायचा असेल तर खाली उघडणारी झडप ठेवावी. टाइलमध्ये गाडलेला आणि बाहेर फक्त मूठ दिसणारा कन्सील्ड स्टॉप कॉक हाही पर्याय आहे. दिसायला तो नीटनेटका असतो, पण त्याचा आतील भाग झिजला की त्याच कंपनीचा तोच भाग शोधावा लागतो. म्हणून घराच्या मुख्य व्हॉल्व्हसाठी मी उघड्यावरचा बॉल व्हॉल्व्हच सुचवतो.

६. आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो, आधीच पाणी बारीक येते. बॉल व्हॉल्व्हने ते आणखी कमी होईल का?

होऊ शकते, आणि ते व्हॉल्व्हच्या भोकावर अवलंबून आहे. उताराच्या पाण्यात दर एक मीटर उंचीमागे साधारण ०.१ किलो प्रति चौरस सेंटिमीटर एवढाच दाब मिळतो. टाकीतील पाणी तुमच्या शॉवरपेक्षा तीन मीटर वर असेल तर एकूण भांडवल ०.३ किलोचे, आणि त्यातून प्रत्येक एल्बो व प्रत्येक अरुंद जागा थोडे थोडे खाते.

स्वस्त बॉल व्हॉल्व्ह बहुधा कमी बोअरचे असतात, म्हणजे बाहेरून एक इंची, पण गोळ्याचे भोक त्याहून लहान. भोक २५ मिमीऐवजी २० मिमी असेल तर पाण्याला जाण्याची जागा जवळजवळ दोन-तृतीयांशच उरते. दुकानात दांडी उघडी ठेवून आरपार पाहावे. पाइपच्या आतील गोलाई आणि गोळ्याची गोलाई सलग दिसली तर तो फुल बोअर. आत एक कडा पुढे आलेली दिसली तर नाही. तळमजल्यावर या फरकाने सहसा काही बिघडत नाही, वरच्या मजल्यावर मात्र फुल बोअरच घ्यावा. पूर्ण उघडा गेट व्हॉल्व्हही जवळजवळ सरळ वाट देतो, त्यामुळे या एका बाबतीत तो कमी नाही.

७. पितळी बॉल व्हॉल्व्ह घ्यावा की सीपीव्हीसीचा?

लाइन सीपीव्हीसीची असेल तर त्याच साहित्याचा व्हॉल्व्ह सॉल्व्हंटने जोडणे सरळ जाते. आटे असलेला पितळी व्हॉल्व्ह बसवायचा झाल्यास दोन्ही बाजूंना पितळी आट्यांचे जोड लागतात, आणि ते जास्त आवळले तर प्लास्टिकच्या भागाला सूक्ष्म तडा जातो, जो कधी कधी महिन्यांनी गळू लागतो. साध्या सीपीव्हीसी व्हॉल्व्हची अडचण अशी की तो पाइपला कायमचा चिकटतो. दोन्ही टोकांना युनियन असलेला प्रकार घेतला तर ही अडचण राहत नाही.

गच्चीवर उन्हात राहणाऱ्या जागी आणि लोखंडी लाइनवर मी पितळी व्हॉल्व्ह पसंत करतो. गरम पाण्याच्या लाइनवर पांढरा यूपीव्हीसीचा व्हॉल्व्ह कधीही लावू नये, कारण तो थंड पाण्यासाठीच असतो. पितळी व्हॉल्व्ह घेताना दांडी आणि तिचा नट पाहावा. शरीर पितळेचे आणि दांडी साध्या लोखंडाची असेल तर काही पावसाळ्यांत दांडी गंजून मोडते आणि चांगला व्हॉल्व्ह बंद करायला हाताशी काही उरत नाही.

८. पाण्याचा जोर कमी करण्यासाठी व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवला तर चालेल का?

गेट आणि बॉल या दोन्हींना ते चालत नाही. अर्धवट उघड्या गेट व्हॉल्व्हमध्ये चकती पाण्याच्या प्रवाहात थरथरत राहते, तिची कड झिजते आणि नंतर ती पूर्ण बंद होत नाही. बॉल व्हॉल्व्हमध्ये टेफ्लॉनच्या कडीचा एकच भाग सतत वेगवान धारेसमोर राहतो आणि तिथे कुरतडला जातो. दोन्ही व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडे असावेत किंवा पूर्ण बंद. गेट व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर चाक पाव फेरा मागे घ्यावे, म्हणजे तो उघड्या स्थितीत जाम होत नाही आणि पुढच्या माणसाला तो कोणत्या बाजूला फिरतो तेही कळते.

उपकरणाचा जोर थोडा कमी करायचा असेल, उदाहरणार्थ फ्लश टाकी भरताना फार आवाज होत असेल, तर त्या एका ठिकाणचा अँगल कॉक थोडा दाबून ठेवता येतो. तो झिजला तरी एकाच उपकरणाचा प्रश्न असतो आणि बदलणेही सोपे असते.

९. नवा अँगल कॉक काही महिन्यांतच ठिबकू लागला. महागातला घेतला होता, तरी असे का?

आजकालच्या बहुतेक अँगल कॉकमध्ये सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात. त्या वर्षानुवर्षे टिकतात, पण वाळूचा एक कण त्यांच्यात अडकला की ओरखडा पडतो आणि ठिबक सुरू होते. नव्या घरात किंवा लाइनचे काम झाल्यावर पाइपमध्ये सिमेंटचे कण, आटे पाडल्याचा लोखंडी कीस आणि टेफ्लॉन टेपचे तुकडे असतात. म्हणून अँगल कॉक बसवण्याआधी भिंतीतील उघड्या तोंडाखाली बादली धरून, मागचा व्हॉल्व्ह उघडून, पाणी स्वच्छ येईपर्यंत लाइन धुऊन घ्यावी. हे दोन मिनिटांचे काम बहुतेक ठिकाणी टाळले जाते आणि दोष कॉकवर येतो.

जुन्या पद्धतीच्या, रबरी वॉशर असलेल्या कॉकमध्ये कणांचा त्रास कमी होतो आणि वॉशर घरच्या घरी बदलता येतो. बोअरवेलचे पाणी वाळू आणत असेल तर मी आजही तोच सुचवतो.

१०. आमच्याकडे प्रेशर पंप आहे. बॉल व्हॉल्व्ह बंद करताना भिंतीत "ठक्" असा आवाज येतो. धोका आहे का?

वाहते पाणी एकदम अडवले की त्याचा वेग दाबात बदलतो आणि तो धक्का पाइपभर पसरतो. उताराच्या लाइनमध्ये तो सहसा सौम्य असतो, पंपाच्या लाइनमध्ये मात्र जोड सैल करण्याइतका होऊ शकतो. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद होतो हा त्याचा गुण येथे दोष ठरतो. दांडी चार-पाच सेकंद घेऊन सावकाश फिरवावी, आणि शक्य असेल तर आधी पंप बंद करावा. दांडी न हलवता, नळ किंवा वॉशिंग मशीन बंद होतानाही हा आवाज येत असेल, तर कारण व्हॉल्व्हमध्ये नाही. तेव्हा पंपाचा दाब आणि पाइपांचे क्लॅम्प तपासून घ्यावेत.

११. व्हॉल्व्ह बंद करून काम उरकले, पुन्हा उघडला, तर आता नळाला पाणीच येत नाही. काय झाले?

लाइन रिकामी होताना आत हवा शिरली आणि ती एखाद्या उंचवट्यावर अडकली. टाकीजवळच्या व्हॉल्व्हनंतर लगेच एक उभी हवेची नळी काढून ती टाकीतील पाण्याच्या पातळीच्या वर नेलेली असेल, तर असे सहसा होत नाही. ही नळी व्हॉल्व्हच्या आधी, म्हणजे टाकीच्या बाजूला बसवली तर तिचा काही उपयोग नाही, आणि ही चूक मी अनेक गच्च्यांवर पाहिली आहे. नळी नसेल तर सर्वांत खालचे नळ पूर्ण उघडून व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा, फुरफुर थांबेपर्यंत पाणी जाऊ द्यावे आणि मग वरच्या मजल्यांचे नळ उघडावेत.

१२. गीझरला थंड आणि गरम दोन्ही बाजूंना अँगल कॉक लावावा का?

थंड बाजूला अवश्य लावावा. भिंतीवर अँगल कॉक, पुढे कनेक्शन पाइप आणि शेवटी गीझरच्या तोंडाशी सुरक्षा व्हॉल्व्ह, असा क्रम असतो. सुरक्षा व्हॉल्व्ह आणि गीझर यांच्यामध्ये पाणी बंद करणारे काहीही बसवू नये, कारण पाणी तापून फुगल्यावर जास्तीचा दाब त्याच वाटेने बाहेर पडतो. तापताना त्यातून थोडे थेंब पडणे स्वाभाविक आहे, ते तोंड बुजवू नये.

गरम बाजूचा प्रश्न गीझरच्या प्रकारावर ठरतो. सुरक्षा व्हॉल्व्ह असलेल्या, दाब सहन करणाऱ्या टाकीच्या गीझरला गरम बाजूला कॉक चालतो. ज्या गीझरच्या पुस्तिकेत बाहेर जाणारे तोंड कायम उघडे ठेवण्यास सांगितले आहे, त्याच्या गरम लाइनवर कॉक, नळ, काहीही लावू नये. त्याचे पाणी फक्त थंड बाजूनेच चालू-बंद करायचे असते. दुरुस्तीसाठी थंड बाजूचा कॉक बंद करण्याआधी गीझरची वीज बंद करावी.

१३. दुकानात बॉल व्हॉल्व्ह मागितला आणि वेगळेच काही मिळाले. असे का?

टाकीत तरंगणारा गोळा आणि दांडी असलेला, टाकी भरल्यावर आपोआप बंद होणारा कॉक यालाही बाजारात बॉल कॉक किंवा बॉल व्हॉल्व्ह म्हणतात. त्याचा लाइन तोडण्याशी संबंध नाही. "लाइनमध्ये बसणारा, दांडीचा, फुल बोअर" असे सांगून माप द्यावे.

१४. बॉल व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे उघडाच होता, आता दांडी हलत नाही. जोर लावू का?

एकदम जोर लावू नये. जड पाण्यात गोळ्यावर आणि कड्यांपाशी क्षार बसतात, आणि हिसका दिला तर गोळा न फिरता त्याला फिरवणारी काडी तुटते. आधी मागचा, टाकीजवळचा व्हॉल्व्ह बंद होतो याची खात्री करावी. मग दांडी दोन्ही दिशांना अगदी थोडी, केसभर, मागेपुढे करत राहावे. थर मोकळा होऊ लागला की हालचाल वाढत जाते. व्हॉल्व्ह पितळी असेल तर कोमट पाण्यात भिजवलेले फडके त्यावर काही वेळ गुंडाळून ठेवल्यानेही फरक पडतो. सीपीव्हीसीच्या व्हॉल्व्हची दांडी प्लास्टिकची असल्यामुळे तिला पाना लावू नये. ती हाताने हलत नसेल तर व्हॉल्व्ह बदलणेच बरे.

आमच्याकडे आता दर तीन महिन्यांनी, टाकी धुण्याच्या दिवशी, गच्चीवरचे आणि घरांचे सगळे बॉल व्हॉल्व्ह एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडले जातात. त्याच वेळी प्रत्येक घरातला एक नळ उघडून दहा मिनिटांत धार थांबते का तेही पाहिले जाते. ती थांबली नाही तर कोणत्या व्हॉल्व्हने पाणी सोडले ते भर दिवसा, दुकाने उघडी असताना कळते.